न जमलेल्या कुटुंबाचा ग्रुप फोटो

आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. मध्ये खुर्चीवर आजी, तिच्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला माझे वडील. मागे उभे थोरले काका, आजोबा आणि धाकटे काका. आई, बाप आणि चार मुले, इतका साधा हा फोटो. पाहुणे येतात, क्षणभर पाहतात आणि चहाच्या कपाकडे वळतात. क्वचित एखादा जुना माणूस मात्र कप खाली ठेवतो. आजोबा १९७९ साली वारले आणि धाकटे काका त्यानंतर तीन महिन्यांनी जन्मले, हे त्याला ठाऊक असते. ही सहा माणसे एका छपराखाली एकदाही आलेली नाहीत आणि येणे शक्यही नव्हते.

हा फोटो गेल्या वर्षी मी केला. ‘काढला’ असे म्हणवत नाही, म्हणून ‘केला’ म्हणतो. नेवासा फाट्यावर माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे आणि कॉलेज सुटल्यावर मी तेथे बसतो. असे फोटो करून घ्यायला महिन्याला दोन-चार गिऱ्हाइके येतात. कुणाचा मुलगा परदेशी, कुणाचा भाऊ सैन्यात, कुणाचे वडील गेलेले. ‘यांना यात बसवून द्या’ एवढेच त्यांचे म्हणणे असते. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा फोटो असेल आणि त्यातले एखादे माणूस कागदाच्या बाहुलीसारखे चिकटवलेले दिसत असेल. ते तसे का दिसते आणि न दिसण्यासाठी काय करावे लागते, हे आमच्याच फोटोच्या निमित्ताने सांगतो.

मामा म्हणतो, हे काम संगणकाने आणलेले नाही. त्याच्या उस्तादांच्या वेळी हे ब्लेडने होत असे. प्रत्येकाच्या निगेटिव्हवरून एन्लार्जरखाली अशा प्रिंट काढायच्या की सगळ्यांची डोकी बेताची जुळतील. मग माणूस कडेने कापायचा, कागदाची कड मागच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ करायची आणि पांढरी कड दिसू नये म्हणून तिच्यावर पेन्सिल फिरवायची. सगळी माणसे एका पुठ्ठ्यावर चिकटवायची, सांधे ब्रशने भरायचे, दोन्ही बाजूंनी सारखा दिवा लावून त्या पुठ्ठ्याचाच फोटो काढायचा. त्या नव्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रिंट निघत.

आपल्या मुंबईत तर ही कला उस्तादांच्याही शंभर वर्षे आधीची. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांचे समूह वेगळे घेतलेले आणि मागचे देखावे वेगळे, अशी जोडकामे त्यांत आहेत. कॅनडातील माँट्रियल शहरात विल्यम नॉटमन याने १८७० साली बर्फावरच्या एका जत्रेचा मोठा फोटो असाच केला. त्यात शेकडो माणसे आहेत. ती एकेक करून स्टुडिओत बोलावली, फोटो घेतले, कापले आणि रंगवलेल्या देखाव्यावर बसवली. नॉटमनचे काम अवघड खरे, पण त्याला एक सोय होती. ज्याला बोलवायचे तो येऊ शकत होता. हवा तसा उभा राहू शकत होता.

आमच्या सहांतले दोघे येणार नव्हते. आजोबांचा तर आयुष्यातला एकच फोटो. १९७६ साली कशाच्या तरी अर्जासाठी काढलेला, पासपोर्टच्या आकाराचा, छातीपर्यंतचा. डोक्यावर टोपी, अंगात सदरा आणि उजव्या खांद्यावर कुठल्याशा कचेरीच्या शिक्क्याची अर्धी कड. थोरले काका २०२१ मध्ये गेले. १९७२ च्या दुष्काळात ते चौदाव्या वर्षी सुरतेला कामाला गेले आणि तिकडचेच झाले. येत असत, पण आले की आत्या सासरी असे आणि आत्या आली की त्यांची सुट्टी संपलेली असे. त्यांचा आम्हाला सापडलेला बरा फोटो म्हणजे एका लग्नातला अकरा माणसांचा घोळका.

येथेच मामाने मला पहिला धडा दिला. मी उत्साहाने घरातल्या जिवंत माणसांचे फोटो काढायला निघालो होतो. मामा म्हणाला, “आधी गेलेल्यांचे आण. ते बदलता येत नाहीत. जिवंत माणूस चार वेळा पुन्हा बसवता येतो. तेव्हा जिवंतांनी गेलेल्यांच्या उजेडात बसायचं, उलट नाही.” सगळी युक्ती या दोन वाक्यांत आहे. पुढचे सगळे त्याचाच विस्तार.

आजोबांच्या फोटोकडे मी त्यापूर्वी शंभर वेळा पाहिले असेल, पण उजेड पाहिला नव्हता. उजेड कोठून आला हे पाहायचे असेल तर नाकाची सावली पाहावी. आजोबांच्या नाकाची सावली त्यांच्या डाव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्याकडे उतरते. म्हणजे दिवा त्यांच्या उजवीकडून, डोक्याच्या थोडा वरून. डोळ्यांत एकच ठिपका चमकतो. म्हणजे दिवाही एकच. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला असावा, कारण हनुवटीखालचा भाग फारसा दिसत नाही आणि टोपीचा माथाही दिसत नाही.

मग आम्ही स्टुडिओत खिडकीशेजारी तशीच जागा तयार केली. आजी, आत्या, वडील आणि धाकटे काका यांना वेगवेगळ्या दिवशी, जमेल तसे, त्याच ठिकाणी बसवले. उजेड उजवीकडून, किंचित वरून. कॅमेरा दहा फुटांवर. हे अंतर महत्त्वाचे आहे. हात लांब करून मोबाइलवर काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान होतात, कारण नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ असते. तो फोटो कितीही स्वच्छ असला तरी दहा फुटांवरच्या माणसांत बसत नाही आणि संगणकावर ताणूनही सरळ होत नाही. बाहेरगावी असलेल्यांकडून फोटो मागवताना मी आता एवढेच सांगतो: दुसऱ्या कुणाला काढायला लावा, तीन मीटर लांब उभे राहायला सांगा, मोबाइल छातीच्या उंचीला धरा आणि जवळ येण्याऐवजी झूम करा.

थोरल्या काकांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत आला होता. अशा प्रवासात फोटोची लांब बाजू आकसून साधारण सोळाशे ठिपक्यांवर येते. अकरा माणसांत काकांच्या वाट्याला, टाळूपासून हनुवटीपर्यंत, जेमतेम ११२ ठिपके आले होते. त्याच्यावर डोळा आणि भुवई वेगळी सांगता येत नव्हती. अशा वेळी संगणकाकडून चेहरा ‘स्वच्छ’ करून घेण्याचा मोह होतो. चेहरा स्वच्छ होतो, पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. आम्ही चार दिवस मूळ फोटो शोधण्यात घालवले. तो सुरतेच्या चुलतभावाच्या जुन्या, काच तडकलेल्या मोबाइलमध्ये निघाला. त्यात काकांचे डोके २८० ठिपक्यांचे होते. त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले, म्हणजे वाटेत आकसत नाही.

या २८० आकड्याने आमच्या फोटोचा आकार ठरवला. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे काकांचे डोके कागदावर एक इंचाहून थोडे कमीच ठेवता येईल, आणि त्या मानाने सहा माणसांचा फोटो आठ बाय बारा इंचांचा होईल. वडिलांना बारा बाय अठराचा हवा होता. पण ग्रुपमधला सर्वांत दुबळा फोटो जेवढा ताण सोसतो तेवढाच ग्रुप मोठा करता येतो. नाहीतर पाच माणसे लख्ख आणि एक धुक्यात, असे होते. पाहणाऱ्याची नजर नेमकी त्या धुक्यातल्या माणसावर जाते आणि तो जिवंत नाही हे कुणी न सांगता कळते.

आजोबांच्या फोटोची अडचण निराळी होती. चेहरा मोठा होता, पण कागद त्या काळच्या खरबरीत ‘सिल्क’ छापाचा. स्कॅनरने त्याच्या प्रत्येक उंचवट्याची चमक टिपली आणि चेहऱ्यावर मुंग्या पसरल्यासारखे ठिपके आले. यावर उपाय सोपा आहे. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून, असा दोनदा स्कॅन करायचा आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर अर्धी अर्धी मिसळायची. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे पहिल्या वेळी उजळलेली कड दुसऱ्या वेळी काळी येते आणि दोन्ही मिळून बरीचशी पुसली जातात. खांद्यावरचा शिक्का मी हाताने काढला. त्याला एक दुपार लागली.

आता माणसांची मापे. नवशिका सगळी डोकी एकसारखी करतो, आणि मग मागची रांग राक्षसांची वाटते. पुढची रांग कॅमेऱ्यापासून दहा फुटांवर आणि मागची बारा फुटांवर धरली, तर मागची डोकी पुढच्यांच्या पाच-षष्ठांश हवीत. मागच्या रांगेत थोरल्या काकांचे डोके २८०, तर पुढच्या रांगेतले ३३६ च्या आसपास. पण डोके मोजायचे तरी कसे? आजोबांना टोपी, आजीच्या डोक्यावर पदर, वडिलांना टक्कल. म्हणून डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर धरायचे. मोठ्या माणसात ते बहुधा सहा ते साडेसहा सेंटिमीटर असते, माणसामाणसांत फार बदलत नाही. चेहरा सरळ समोर असेल तर हे माप दगा देत नाही. कोण किती उंच हे मात्र फोटो सांगत नाही, ते आजीने सांगितले. आजोबा थोरल्या काकांपेक्षा चार बोटे उंच होते.

एक चूक येथे मी केली, ती आपण करू नये. थोरल्या काकांवर उजेड डावीकडून होता, म्हणून मी त्यांना आरशातल्यासारखे उलटे फिरवले. उजेड जुळला. आत्या पाहून म्हणाली, “हा दादा नाही.” का नाही ते तिला सांगता येईना. मग लक्षात आले की सदऱ्याचा खिसा उजवीकडे गेला होता, भांग फिरला होता, आणि काकांची एक भुवई जी वर असे ती दुसरीच झाली होती. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, आणि घरच्या माणसांना तो पाठ असतो. बायकांच्या बाबतीत तर पदराचा खांदा आणि नाकातली चमकी लगेच चुगली करतात. मी काकांना पुन्हा सरळ केले आणि त्यांच्या डाव्या गालावरचा उजेड थोडा थोडा उतरवला. तो पूर्ण जुळला नाही. नीट पाहणाऱ्याला आजही कळेल.

मागे काय असावे यावरही वाद झाला. आत्याला मोहिनीराजाचे मंदिर हवे होते. मंदिराच्या आवारात ऊन असते, उन्हात सावल्या एका दिशेला आणि काळ्या पडतात, आणि आमची माणसे खिडकीच्या उजेडातली. तेथे ती कापून ठेवल्यासारखीच दिसली असती. साधा करडा पडदा घेतला की एवढी जबाबदारी राहत नाही. खांद्यामागे थोडी धूसर सावली दिली की पुरते. रंगाचाही प्रश्न पडद्याने निम्मा सुटला. आजोबांचा फोटो काळापांढरा. त्यांना रंग द्यायचा तर कातडीचा रंग कल्पनेने ठरवावा लागणार. त्यापेक्षा इतर पाच जणांचा रंग काढून घेतला आणि जुन्या फोटोत जसे कण दिसतात तसे कण सर्वांवर सारखे घातले. मोबाइलवरचे लख्ख चेहरे आणि १९७६ चा चेहरा यांच्यातली दरी या कणांनीच सगळ्यात जास्त भरून काढली.

एवढे सगळे जुळले, आणि खरी अडचण त्यानंतर आली.

घरातला कर्ता पुरुष पुढच्या रांगेत, मध्ये, खुर्चीवर बसतो. हा ग्रुप फोटोचा आपल्याकडचा रिवाज. पण आजोबा छातीपर्यंतच होते. त्यांना बसवायचे तर पोट, हात, धोतर, पाय कोठून आणायचे? मामाने तोड सुचवली. धाकटे काका चेहऱ्यामोहऱ्याने आणि खांद्याने आजोबांसारखे आहेत, असे जुनी माणसे म्हणतात. त्यांना धोतर नेसवून खुर्चीवर बसवले, गुडघ्यांवर हात ठेवायला सांगितले आणि त्या धडावर आजोबांचा चेहरा आणला. ज्यांनी बाप पाहिला नाही त्यांनी बापासाठी धोतर नेसले. स्टुडिओत त्या दिवशी कुणी फारसे बोलले नाही. मान आणि सदऱ्याचा गळा यांचा सांधा इतका बेमालूम बसला की मामानेही पाठ थोपटली.

फोटो आजीला दाखवला. तिचे वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. तिने तो खिडकीकडे धरून पुष्कळ वेळ पाहिला. चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. मग म्हणाली, “बोट कुठंय?”

आम्हाला कळेना. तिने आजोबांच्या उजव्या हातावर नख ठेवले. “हे बोट अर्धं होतं यांचं. कडबाकुट्टीत गेलं. तू जन्मायच्या आदल्या साली,” असे ती वडिलांना म्हणाली. “हे हात याचे आहेत,” आणि तिने धाकट्या काकांकडे पाहिले.

बोट संगणकावर अर्धे करणे दहा मिनिटांचे काम होते. मी तसे म्हणालोही. पण ते कितपत अर्धे होते, वाकडे होते का, नख होते का, हे आजी सांगणार आणि मी बनवणार, असे ते झाले असते. मामा म्हणाला, “जे आपल्याकडे नाही ते झाकावं.” छातीपर्यंतच्या फोटोची खरी जागा मागच्या रांगेत. तेथे पुढच्या माणसांची डोकी आणि खुर्च्यांच्या पाठी उरलेले अंग झाकतात, आणि काही उसने घ्यावे लागत नाही. थोरले काकाही कमरेपर्यंतच होते. तेव्हा गेलेली दोन्ही माणसे मागे उभी. मी भीतभीत आजीला विचारले की आजोबा उभे आणि तू बसलेली, चालेल का? आजी हसली. “ते बसले कधी रे? जेवायलासुद्धा उकिडवे.”

अशा रीतीने आजोबा तिच्या खुर्चीमागे गेले. धाकट्या काकांचे खांदे तेवढे राहिले, कारण मूळ फोटोत आजोबांचे खांदे कडेला कापले गेले होते. हात नाहीत.

वयाचे काय करायचे, हे मी स्वतःहून विचारले. आजोबा बेचाळीस वर्षांचे, आजी चौऱ्याऐंशीची, थोरला मुलगा साठीच्या पुढचा. बाप सगळ्यांत लहान दिसतो. काही गिऱ्हाइके अशा वेळी चेहऱ्यावर सुरकुत्या आणि पांढरे केस घालून मागतात. आजीला तसा नमुना करून दाखवला. तिने तो नीट पाहिलाच नाही. “हे कोण?” म्हणाली आणि परत दिला. तो नमुना मी पुसून टाकला.

शेवटचा प्रश्न आत्याने काढला. नवरा पाठीशी उभा असताना आईचे कपाळ रिकामे कसे? कुंकू लावून दे, काळ्यापांढऱ्यात एक गडद ठिपका तर द्यायचा. वडील गप्प बसले. धाकटे काका म्हणाले, तिलाच विचारा. आजीने पुन्हा फोटो खिडकीकडे धरला आणि मलाच उलट विचारले, “माझं गोंदण कुठं गेलं?”

ते मी घालवले होते. आजीचा चेहरा साफ करताना डाग समजून कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण मी पहिल्याच दिवशी पुसले होते. स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे ठिपके पुसायची सवय लागते, आणि मग हात डोळ्यांना विचारत नाही. सुदैवाने मूळ फोटो मी वेगळा ठेवला होता. मूळ चित्रावर कधीही काम करायचे नाही, पुसायचे ते वरच्या थरावर पुसायचे, हा नियम त्या दिवशी उपयोगी पडला. वरचा थर काढला आणि गोंदण परत आले. दोन भुवयांच्या मध्ये, बरोबर कुंकवाच्या जागी.

“हे राहू दे,” आजी म्हणाली. “हे त्यांच्या आधीपासूनचं आहे. कुणी पुसलं नाही.” आत्याने पुढे काही म्हटले नाही.

फोटो आठ बाय बाराचाच छापला. मामाच्या स्टुडिओत अशा प्रत्येक कामाच्या मागे एक चिठ्ठी चिकटवतात. पन्नास वर्षांनी कुणी फ्रेम उघडली तर त्याने हा फोटो खरा धरून घराचा इतिहास चुकीचा लिहू नये, एवढाच तिचा हेतू. आमच्या चिठ्ठीवर मी सहा ओळी लिहिल्या. आजी, आत्या आणि वडील यांच्यापुढे २०२५. थोरल्या काकांपुढे २०१८, लग्नातला. धाकट्या काकांपुढे २०२५. आजोबांपुढे लिहिले: चेहरा १९७६, खांदे २०२५, धाकट्या मुलाचे.